चौथ्या मजल्याचे भाडे

घर रिकामे झाले त्याच संध्याकाळी मी त्याचे नवे भाडे ठरवून टाकले होते, आणि त्यासाठी मला जेमतेम पाव तास लागला होता. आसपासच्या तीन घरांच्या जाहिराती पाहिल्या, तिन्ही आकड्यांची सरासरी काढली, थोडी घासाघीस होईल असे धरून किंचित खाली आलो आणि मोकळा झालो. पुढे या लेखात बरेच हिशेब येणार आहेत, म्हणून एक सोय करून घेतो. चलनातला खरा आकडा वाचणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो, तेव्हा आधीच्या भाडेकरूंचे महिन्याचे भाडे १०० मानतो आणि बाकी सगळे त्याच मापात सांगतो. त्या तीन जाहिरातींतली भाडी ११२, १२० आणि १२४ होती. सरासरी ११८ च्या थोडी वर येत होती. मी ११८ लिहिले.

पाच आठवडे घर रिकामे राहिले. लोक येत होते, खोल्या पाहत होते, बाल्कनीत उभे राहून घर छान असल्याचेही सांगत होते, आणि "कळवतो" म्हणून निघून जात होते. मी आधी भिंतींच्या रंगाला दोष दिला, मग मोसमाला. माझे मावसभाऊ, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांनी उभे आयुष्य घरांच्या मूल्यांकनात घालवले आहे. ते सहज आले असताना मी त्यांच्यापुढे माझी सरासरी ठेवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"या तिन्हीपैकी भाड्याने गेलेले घर कोणते?"

एकही गेलेले नव्हते. जाहिराती चालू होत्या म्हणून तर मला दिसल्या होत्या. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याकडे लक्षच जात नाही. योग्य भाडे मागणारे घर आठ-दहा दिवसांत जाते आणि त्याची जाहिरात उतरते. अवाच्या सवा मागणाऱ्याचे महिना-दोन महिने तिथेच राहते. त्यामुळे कोणत्याही दिवशी जाहिराती उघडल्या, तर समोर दिसणाऱ्यांत न गेलेल्या, म्हणजे बहुधा महाग घरांचाच भरणा असतो. त्यांची सरासरी काढणे म्हणजे बाजारात शिल्लक राहिलेल्या मालावरून विकल्या गेलेल्या मालाचा भाव ठरवणे. चालू जाहिरातीचा उपयोग एवढाच, की ती वरची मर्यादा दाखवते: या भावाला अजून कोणी तयार झालेले नाही.

उशिराचा हिशेब त्यांनी मला तिथेच करायला लावला. एक महिना रिकामा गेला की वर्षाच्या भाड्याचा बारावा भाग, म्हणजे आठ टक्क्यांहून थोडे जास्त, गेला. त्यामुळे पाच टक्के जास्त भाडे मागून घर सतरा दिवस रिकामे राहिले, तर एका वर्षाच्या करारात ते जास्तीचे भाडे जवळपास तिथेच संपते. पुढे घराचे वाजवी भाडे १०६ च्या आसपास निघाले. त्या भावाने पहिल्याच दिवशी घर गेले असते तर वर्षाचे १,२७२ झाले असते. पाच आठवड्यांनंतर का होईना, ११८ देणारा भेटला असता तर वर्षाच्या उरलेल्या काळाचे सुमारे १,२८० झाले असते. म्हणजे माझी हाव अगदी पूर्ण फळाला आली असती तरी पदरात पडणारा फायदा आठ. आणि तो देणारा तर भेटलाच नव्हता.

मग खरे आकडे गोळा करायला निघालो. गेल्या तीन-चार महिन्यांत प्रत्यक्ष भाड्याने गेलेली, माझ्या घराला जवळची घरे शोधायची होती. त्याहून जुना करार घेतला तर मधल्या काळात भावच बदललेला असू शकतो आणि त्याची वेगळी दुरुस्ती करावी लागते. एजंटकडून काही कळले, काही नव्या भाडेकरूंशी बोलून. लोक आकडा सांगतात, पण आकड्यामागच्या अटी विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा द्यायचा, पार्किंग करारात आहे का, सुरुवातीचे काही दिवस फुकट दिले आहेत का, हे प्रत्येकाला विचारावे लागले. शेवटी तीन घरे हाताशी लागली.

पहिले आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, माझ्याएवढेच ८०० चौरस फूट, पार्किंगसह, पण पूर्ण रिकामे. ते १०२ ला गेले होते. दुसरे आमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर, तेवढ्याच क्षेत्रफळाचे, पार्किंगसह आणि पूर्ण फर्निचरसह. त्याचा करार १२४ चा होता. तिसरे समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, ९०० चौरस फूट, माझ्यासारखेच सेमी-फर्निश्ड, पण पार्किंग नाही आणि इमारतीला लिफ्टही नाही. ते ९७ ला गेले होते. माझे घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आणि पार्किंग असलेले, आत भिंतीतली कपाटे आणि स्वयंपाकघरातले कप्पे, शेगडी, चिमणी एवढेच सामान.

सातव्या मजल्याचा १२४ हा आकडा ऐकून मला क्षणभर माझ्या ११८ बद्दल पुन्हा भरवसा वाटू लागला. चौकशी केल्यावर कळले की घरमालकाने पहिल्या महिन्याचे भाडे घेतले नव्हते. म्हणजे बारा महिन्यांत भाडेकरू अकराच महिन्यांचे पैसे भरणार. १२४ ला अकराने गुणून बाराने भागले की ११३.७ येतात, आणि हेच त्या घराचे खरे भाडे. घरमालकाला करारावर मोठा आकडा हवा होता, तो त्याला मिळाला. शेजाऱ्यांना सांगायलाही बरा. तुलनेसाठी मात्र तो निरुपयोगी, कारण सवलत वजा केल्याशिवाय दोन भाडी एका रांगेत उभी राहतच नाहीत.

आता खरी वजाबेरीज. इथे मी लगेच माझ्या घराचे गुण मोजायला सुरुवात केली: लिफ्ट आहे म्हणून इतके, कपाटे आहेत म्हणून तितके. अण्णांनी मला थांबवले.

"तुझ्या घराला हात लावायचा नाही. त्याचं भाडं आपल्याला माहीत नाही. जे माहीतच नाही त्यात मिळवणार कसं? भाडं त्या तीन घरांचं माहीत आहे, तेव्हा बदल त्यांच्यात करायचा."

तुलनेचे घर एखाद्या बाबतीत माझ्यापेक्षा सरस असेल, तर त्याच्या भाड्यातून त्या गोष्टीची किंमत वजा करायची. उणे असेल तर मिळवायची. प्रश्न प्रत्येक वेळी एकच: हे घर त्या बाबतीत अगदी माझ्यासारखे असते, तर कितीला गेले असते? पद्धत सोपी आहे, पण चिन्हाची चूक इथेच होते. मीही केली. सातव्या मजल्याच्या घरात फर्निचर जास्त म्हणून मी उत्साहाने फर्निचरची किंमत त्याच्या भाड्यात मिळवली आणि उत्तर १२० च्या वर गेले. जास्त फर्निचर असलेल्या घरापेक्षा कमी फर्निचरच्या घराचे भाडे जास्त निघाले, तेव्हा कुठे चूक लक्षात आली. असे विचित्र उत्तर आले की आधी बेरीज-वजाबाकीची चिन्हे तपासावीत.

चिन्ह कळले तरी किती मिळवायचे आणि किती वजा करायचे हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते या साऱ्या खटाटोपात अवघड भाग तेवढाच आहे. मजल्याचे इतके टक्के, फर्निचरचे तितके टक्के, असे आकडे जो तो तोंडावर फेकतो. ते आले कुठून हे विचारले तर उत्तर नसते. यावरचा उपाय म्हणजे जोड्या शोधणे: बाकी सर्व बाबतीत सारखी, एकाच सुमारास गेलेली आणि एकाच गोष्टीत वेगळी अशी दोन घरे. त्यांच्या भाड्यातला फरक म्हणजे त्या एका गोष्टीला बाजाराने दिलेली किंमत. जोडी जुनी असली तरी चालते, कारण इथे आपल्याला भाडे नको असते, फरक हवा असतो.

मजल्यासाठी अशी जोडी आमच्याच इमारतीत मिळाली. मागल्या वर्षी एकाच महिन्यात पहिल्या आणि सहाव्या मजल्यावरची दोन रिकामी, एकाच नकाशाची, एकाच दिशेची घरे भाड्याने गेली होती, एक ९५ ला आणि दुसरे १०० ला. पाच मजल्यांत पाचाचा फरक, म्हणजे मजल्यामागे साधारण एक. हा एकाचा दर मधल्या मजल्यांपुरताच धरायचा, असेही अण्णांनी बजावले. तळमजल्याचे गणित वेगळे असते, कारण तिथे वर्दळ आणि खिडकीतून आत डोकावणारे लोक असतात, तर जिना नको असलेल्या वयस्कर माणसांना नेमका तोच मजला हवा असतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्ची तापते आणि कधी गळतेही, त्यामुळे वाढत गेलेला भाव तिथे पुन्हा पडू शकतो.

समोरच्या इमारतीने या बाबतीत मला खरे शिकवले. तिथे एकाच मालकाची पहिल्या आणि चौथ्या मजल्यावर दोन सारखी घरे आहेत, आणि चौथ्या मजल्याचे भाडे पहिल्यापेक्षा सहाने कमी आहे. लिफ्ट नाही म्हटल्यावर हे साहजिकच. पण त्याचा अर्थ असा, की आमच्याकडे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत चढताना भाडे तीनने वाढते आणि रस्त्याच्या पलीकडे तेवढेच चढताना सहाने उतरते. मजल्याला स्वतःची अशी किंमत नाही. ती लिफ्टच्या असण्या-नसण्यावर फिरते आणि तिची दिशासुद्धा बदलते. दोन्ही इमारतींतली पहिल्या मजल्याची घरे एका भावाची धरली, तर चौथ्या मजल्यावर दोहोंत नऊचे अंतर पडते. मी आधी "चौथ्याशी चौथा मजला" म्हणून तिथे काहीच दुरुस्ती करणार नव्हतो.

पहिल्या मजल्याची घरे एका भावाची धरणे योग्य होते का, हे तपासून पाहिले. समोरच्या इमारतीतले पहिल्या मजल्याचे घर १०३ ला गेले आहे. त्याचे क्षेत्रफळ आणि पार्किंग माझ्यासारखे करून घेतले (ते कसे, हे पुढे येते) तरी ते १०३ च्या आसपासच राहते. आमच्या पहिल्या मजल्यावर सेमी-फर्निश्ड घराला हल्लीच्या हिशेबाने १०४ मिळावेत. फरक नगण्य आहे. आणि यातून अनपेक्षितपणे आणखी एका प्रश्नाचे उत्तर मिळाले. आमच्या इमारतीत व्यायामशाळा आहे, लहानशी बाग आहे, एक सभागृह आहे. समोर यांतले काहीही नाही. या सोयींचे निदान चार तरी मिळवावेत अशी माझी इच्छा होती, कारण त्यांच्या देखभालीचे पैसे मी दरमहा भरतो. पण पहिल्या मजल्यावर लिफ्टचा प्रश्न फारसा उरत नाही आणि तिथे दोन्ही इमारतींची भाडी जवळपास सारखी निघतात, याचा अर्थ इथल्या भाडेकरूंनी व्यायामशाळेला आणि बागेला भाड्यात फारशी किंमत दिलेली नाही. वाईट वाटले, पण आकडा तेच सांगत होता. आमच्याच इमारतीतल्या दोन घरांशी तुलना करताना तर या सोयींचा उल्लेखही करायचा नाही, कारण त्या त्यांनाही मिळतात आणि त्यांच्या भाड्यात आधीच आलेल्या असतात. तिथे त्या पुन्हा मिळवणे म्हणजे एकच वस्तू दोनदा विकणे. पार्किंगची गोष्ट वेगळी आहे: ती जागा एकट्याचीच असते, सुटीही भाड्याने जाते, आणि आमच्याकडे तिचा चालू भाव ५ आहे. एवढ्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणत्याही सोयीची किंमत कळली नाही.

फर्निचरकडे मी मालक म्हणून पाहत होतो, म्हणजे मी काय खर्च केला या नजरेने. बाजार तसे पाहत नाही. पाचव्या मजल्यावर समोरासमोरची दोन घरे आहेत, एक पूर्ण रिकामे आणि एक पलंग, सोफा, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र या सगळ्यासह. त्यांच्या भाड्यात ८ चा फरक आहे. त्या मालकाने सामानावर साधारण ४०० खर्च केले होते. ऐंशी महिन्यांत ते सारे जुने होईल असे धरले, तर महिन्याला ५ नुसती झीज; उरलेल्या ३ मध्ये दुरुस्ती आणि अडकलेल्या पैशाचा मोबदला. व्यवहार वाईट नाही, पण फार मोठाही नाही. आणि तेच सामान ८०० चे घेतले असते तर फरक १६ झाला नसता, हे त्या मालकाने स्वतःच सांगितले. महागड्या सोफ्याचे जादा पैसे भाडेकरू देत नाही.

माझ्या कपाटांची आणि स्वयंपाकघराची किंमत ठरवायला मात्र जोडी मिळाली नाही. पूर्ण फर्निचरचे ८ ही वरची मर्यादा, शून्य ही खालची. त्यामधले ३ मी अंदाजाने धरले. हा आकडा हिशेबातला सर्वांत कच्चा आहे, आणि तो तसा आहे हे वहीत त्याच्याशेजारी लिहून ठेवले. अंदाज करावा लागतो, त्यात गैर काही नाही. पण चार ठिकाणी अंदाज करून शेवटी दशांशापर्यंत उत्तर काढले की स्वतःचीच फसवणूक होते.

राहिले क्षेत्रफळ. समोरचे घर १०० चौरस फुटांनी मोठे आहे. ९७ ला ९०० ने भागून मिळणाऱ्या दराने १०० फुटांचे जवळपास ११ होतात, आणि पहिल्यांदा मी तेवढे वजा केलेही. पण घर मोठे होत जाते तसा प्रत्येक चौरस फुटाचा भाव उतरतो, कारण स्वयंपाकघर, न्हाणीघर, मुख्य दार यांची किंमत लहान-मोठ्या घरांत थोड्याफार फरकाने तीच असते आणि वाढीव जागा म्हणजे बहुधा जरा रुंद झालेली खोली. खोल्यांची संख्या तीच असेल तर वाढीव फुटांना सरासरी दराच्या निम्मा दर लावणे बरे, असे अण्णांचे मत पडले. त्या इमारतीत त्या आकाराची जोडी मिळाली नाही, म्हणून मी ते मानले आणि ५ धरले.

मग तिन्ही घरांचा हिशेब मांडला. दुसऱ्या मजल्याच्या घराचे १०२. दोन मजल्यांचे २ मिळवले, कपाटांचे ३ मिळवले, झाले १०७. सातव्या मजल्याच्या घराचे खरे भाडे ११३.७, तीन मजल्यांचे ३ वजा केले, पूर्ण आणि अर्ध्या फर्निचरमधले ५ वजा केले, उरले १०५.७. समोरच्या इमारतीतल्या घराचे ९७. पार्किंगचे ५ आणि लिफ्टचे ९ मिळवले, क्षेत्रफळाचे ५ वजा केले, झाले १०६.

तीन वाटांनी एकाच गावाला पोहोचल्यासारखे वाटले आणि मी लगेच तिघांची सरासरी काढायला निघालो. अण्णांनी समोरच्या इमारतीच्या ओळीवर बोट ठेवले. तिथे निव्वळ बदल ९ चा दिसतो, पण चिन्हे विसरून सगळ्या दुरुस्त्या एकत्र मोजल्या तर त्या १९ होतात, म्हणजे मूळ भाड्याच्या जवळपास पाचवा हिस्सा. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूच्या चुकीने झाकली जाऊन उत्तर बरोबर दिसू शकते. ज्या घराला इतके कापावे आणि जोडावे लागते, ते मुळात आपल्यासारखे नाहीच. दुसऱ्या मजल्याच्या घरात एकूण दुरुस्ती ५ ची, सातव्याच्या घरात ८ ची. म्हणून सगळ्यात जास्त भरवसा पहिल्यावर, त्याहून कमी दुसऱ्यावर, आणि तिसऱ्याचे काम फक्त एवढेच की ते या दोघांच्या विरोधात बोलत नाही ना हे पाहणे. वाजवी भाडे १०६ ते १०७ असे निघाले. त्यांत निवड करायची असती तर मी १०७ कडे झुकलो असतो, पण कपाटांचे ते ३ डोळ्यांसमोर होते.

जाहिरातीत १०७ लिहिले. पहिल्या आठवड्यात चौघे आले, त्यांतल्या दोघांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला. जे कुटुंब शेवटी राहायला आले, त्यांना घर, मजला, पार्किंग सारे पसंत होते. अडचण एकच होती. गृहिणीने मोठ्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटाकडे पाहून विचारले, "हे काढून मिळेल का? आमची स्वतःची कपाटं आहेत, ती ठेवायला भिंतच उरत नाही." ज्याचे मी भाड्यात पैसे धरले होते, ते त्यांच्या लेखी अडगळ होते. कपाट भिंतीत पक्के बसवलेले होते, ते काढले नाही. भाडे १०६ वर आणले, आणि त्यांनी त्यांचे एक कपाट भावाकडे ठेवले.